बुधवारचा ऑफ

दुपारी जेवून पडवीत आडवा झालो होतो, तर पुतण्या मोबाइल नाचवत आला. मालवणकडच्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर तो बसतो. पर्यटकांच्या धंद्यात रविवारची सुट्टी कोणाला मिळत नाही, याची सुट्टी बुधवारी. म्हणूनच तो भर दुपारी घरी होता आणि माझी झोप मोडत होता.

‘काकानु, ह्यां वांयच बघा. साहेबांका पाठवतंय.’

स्क्रीनवर लिहिलं होतं : ‘सर पुढच्या रविवारी ऑफ चेंज करून मिळेल का, घरी फंक्शन आहे, प्लीज सर, अर्जंट.’ शेवटी हात जोडलेली तीन चित्रं.

माझी नोकरी आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत टाइम ऑफिसला गेली. हजेरीपट, रजेचे अर्ज, शिफ्टची अदलाबदल, हेच आयुष्यभर केलं. एप्रिल-मेमध्ये आंबा एकीकडून आत यायचा आणि दुसरीकडून सुट्टीचे अर्ज, कारण कोकणातली लग्नं-मुंजीही तेव्हाच. त्यामुळे असा मजकूर दिसला की माझा हात आपोआप खिशाकडे, लाल पेनाकडे जातो. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

मी विचारलं, ‘पुढचा म्हणजे कुठचा रविवार?’ त्या दिवशी होता बुधवार, 28 जानेवारी. 1 फेब्रुवारीलाही रविवार, 8लाही. याच्या मनात 8 होता. साहेबांच्या मनात 1 आला असता, तर ते ‘बघू’ म्हणाले असते, आणि 8ला सकाळी काउंटरवर कोणी नाही म्हणून फोन आला असता.

‘आणि फंक्शन कसलं?’

‘ताईच्या झिलाचा जावळ.’

मग तसं लिही की बाबा! फंक्शन काय, मित्राच्या वाढदिवसाचंही असतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात हे मालवणातल्या मॅनेजरला काय सांगायला हवं? सुट्टीच्या अर्जात कारण सांगायचं ते साहेबांना दया यावी म्हणून नव्हे. ‘हाच माणूस का हवा आणि याच दिवशी का’ एवढंच त्यांना कळायला हवं असतं. मामाशिवाय जावळ नाही, आणि पाहुणे मुंबईहून शनिवार-रविवार गाठून येणार, म्हणून रविवार. दोन वाक्यांत काम झालं.

त्याचं समाधान झालं नाही. मान खाजवत म्हणाला, ‘त्यापेक्षा आजी सिरियस आसा म्हणान लिवू? लगेच देतीत.’

आजी, म्हणजे माझी आई, आतल्या खोलीत सुपारी कातरत बसली होती. तिला ऐकू कमी येतं हे बरं.

पण त्याच्या त्या वाक्याने मी एकदम लहानपणच्या पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसलो. तेव्हा आमच्या वाडीत घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. गणपतीला, शिमग्याला, जत्रेला गावी यायचं तर खात्यातला जॉबर सोडायला हवा ना! त्यावर वाडीने शोधलेला उपाय म्हणजे तार. ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ तारेला शब्दावर पैसे, म्हणून चार शब्दांत काम. वडील इंग्रजी लिहीत, म्हणून बाया त्यांच्याकडे येत. एक काकी स्वतःच्याच प्रकृतीची ती तार स्वतःच्या पायांनी चालत येऊन पाठवायची. फॉर्म भरून झाला की उभ्या उभ्या पोस्टमास्तरांना पडवळाच्या वेलाची हकिगत सांगायची. पोस्टमास्तर हसत नसत. शब्द मोजत, पैसे घेत, आणि काकी गंभीर असल्याची बातमी मुंबईला निघून जाई.

दर वर्षी गंभीर होणारी ती काकी एका पावसाळ्यात खरंच आजारी पडली. तार तीच गेली, दुसरी कुठची जाणार? चाकरमान्याला खात्यात विचारलं गेलं, ‘गेल्या शिमग्याला बरी झाली होती ना?’ तो पोचला तेव्हा दिवस घालायची तयारी चालली होती. 2013च्या जुलैत तारखातं बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा लोक हळहळले. मला त्या फॉर्मवरचे वडिलांच्या अक्षरातले चार शब्द तेवढे दिसले.

पुतण्याला हे सगळं सांगितलं नाही. ‘आजीला मध्ये आणायचं नाही,’ एवढंच म्हटलं आणि कॅलेंडर काढायला सांगितलं. कारण खरी गंमत इथून पुढे आहे, आणि ती कोणी करत नाही.

रविवारची सुट्टी मागताना बदल्यात कुठचा बुधवार देणार, हे त्याने ठरवलंच नव्हतं. रविवारच्या आधीचा बुधवार 4 तारखेचा, नंतरचा 11चा. त्याला वाटलं, दोन्ही सारखेच. सारखे कसे असतील? 4 तारीख दिली, तर 29 जानेवारीपासून 7 फेब्रुवारीपर्यंत सलग दहा दिवस काम, मग 8ला सुट्टी, मग दोन दिवस काम करून पुन्हा 11ला सुट्टी. 11 तारीख दिली, तर 4ची सुट्टी जागच्या जागी, 8ला जावळ, आणि पुढे 9पासून 17पर्यंत नऊ दिवसांची रांग. फरक एका दिवसाचा दिसतो. पण पहिल्या हिशोबात दहा दिवस घासून दमलेला माणूस मांडीवर रडकं पोर घेऊन बसणार, आणि साहेबांच्या कागदावर चार दिवसांत दोन सुट्ट्या दिसणार. ते डोळ्यांत खुपतं.

आमच्या टाइम ऑफिसला 1948चा कारखाना कायदा भिंतीवर टांगलेला असे. त्याच्या 52व्या कलमात सुट्टी बदलायची रीत दिली होती. नेहमीच्या सुट्टीच्या दिवशी काम घ्यायचं, तर बदली सुट्टी त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत द्यायची, आणि बदलाबदलीत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये. रिसॉर्ट हा काही कारखाना नव्हे, पण त्या कलमातला हिशोब माणसाच्या पाठीचा आहे, म्हणून मी तो कुठेही लावतो. 11पासून मागे तीन दिवस मोजले की बरोबर 8 येते. 4पासून पुढे मोजलं तर 8 चौथ्या दिवशी पडते. म्हणून 11.

मग साहेबांच्या डोक्यातला दुसरा प्रश्न : रविवारी काउंटरवर कोण? दोन दिवस राहिलेली मंडळी रविवारी सकाळीच खोल्या सोडतात, तेव्हा बिलं करायला चार हात कमी पडतात. अर्ज नाकारला जातो तो याच जागी, कारण साहेबांना आयत्या वेळी माणूस शोधायचा कंटाळा येतो. तो आपणच शोधून द्यावा. मी त्याला तिथूनच रात्रपाळीच्या जोडीदाराला फोन लावायला लावला. तो दुपारी 12पर्यंत थांबायला कबूल झाला, बदल्यात याने त्याची एक रात्र करायची. आधी जोडीदार, मग साहेब, हा क्रम. उलटं केलं की साहेब म्हणतात, ‘माणूस आण, मग बघू,’ आणि तोवर जोडीदाराच्या घरीही कसलंतरी जावळ निघतं.

अर्ज असा झाला :

‘महोदय, माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. रविवार, दि. 8 फेब्रुवारी रोजी माझ्या भाच्याचे जावळ आहे. हा विधी मामाच्या मांडीवर होत असल्याने मला उपस्थित राहणे आवश्यक आहे. तरी बुधवार, दि. 11 फेब्रुवारीची माझी साप्ताहिक सुट्टी त्याऐवजी रविवार, दि. 8 रोजी घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. दि. 11 रोजी मी कामावर हजर राहीन. रविवारी दुपारी 12 वाजेपर्यंत काउंटर सांभाळण्यास रात्रपाळीचे सहकारी तयार आहेत. रविवारी जाणाऱ्या पाहुण्यांची बिले मी शनिवारी रात्रीच तयार करून ठेवीन. आपला विश्वासू.’

त्याने दोनदा वाचलं. ‘सविनय सादर, सहानुभूतीपूर्वक विचार, कृपाभिलाषी, असा कायच नाय?’

नाही. ही माझी जुनी चीड. टेबलावर तीस अर्ज आले की ‘सहानुभूतीपूर्वक’ शब्दावरून नजर घसरते आणि तारीख शोधत पुढे जाते. तारीख सापडली नाही की अर्ज खालच्या ट्रेमध्ये. एक ‘महोदय’, एक ‘परवानगी द्यावी’, एक ‘विनंती’ एवढी आदब पुष्कळ झाली. ‘आगाऊ धन्यवाद’ तर मुळीच नको. सुट्टी मिळायच्या आत आभार मानून मोकळं होणारा माणूस मला घाई करणारा वाटे, आणि मी त्याचा अर्ज मुद्दाम जेवणानंतर बघत असे. (हे योग्य नव्हे, पण होतं तसं सांगतो.)

त्याला आणखी एक वाक्य घालायचं होतं, ‘पूर्ण दिवस शक्य नसल्यास दुपारी 2 नंतर येईन.’ ते मी खोडलं. ते खरं असलं तरी खिशात ठेवायचं. अर्जात पर्याय लिहिला की साहेब पर्यायच उचलतात. आधी पूर्ण दिवस मागावा, मान हलली नाही तर मग दुपारी 2 काढावेत.

पाठवल्यावर साहेबांचं उत्तर पाचेक मिनिटांत आलं, ‘ओके.’ पोरगा उडालाच. मी म्हटलं, अजून संपलेलं नाही. उद्या जाऊन ड्युटी चार्टवर दोन्ही तारखा स्वतःच्या डोळ्यांनी बदललेल्या बघ. मोबाइलवरचा ‘ओके’ हजेरीच्या कागदावर उतरला नाही, तर महिनाअखेरीला 8ला गैरहजर लागते, 11ला ठरल्या सुट्टीच्या दिवशी उगाच आलेला दिसतो, आणि पगारातला कापलेला दिवस परत मिळवायला यापेक्षा मोठा अर्ज लिहावा लागतो. असे अर्ज मी इतके बघितलेत की त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तो मान डोलावून निघाला. अंगणात उतरल्यावर त्याचा फोन वाजला. पलीकडून ताई असावी. थोडा वेळ ‘हो, हो’ चाललं, मग तो उलटा फिरून पायरीपाशी आला.

‘काकानु, भावजींका सुट्टी गावूक नाय अजून.’

भावजी, म्हणजे पोराचा बाप, मुंबईत कुठल्याशा गोदामात असतो.

‘काय लिहिलं होतं त्यांनी?’

‘फंक्शन आसा म्हणान.’

मी आत वळून आईला चहा टाकायला सांगितलं आणि त्याला म्हटलं, लाव फोन. आधी विचार, त्यांचा ऑफ कुठच्या वारी असतो.