आकडा आला की आवाज खाली जातो

गुळातल्या भेसळीच्या संशोधनासाठी समितीकडं पैसे मागायचे आहेत, त्या बोलण्याची काल विभागात चार मिनिटांची तालीम झाली. सरांनी घड्याळ लावलं होतं. गूळ पिवळा दिसावा म्हणून टाकतात त्या हायड्रॉस या रसायनावर मी तीन मिनिटं चाळीस सेकंद बोलले आणि पैशांसाठी वीस सेकंद उरले. "एकूण खर्च दोन लाख अडुसष्ट हजार" एवढंच म्हटलं, तेही खाली बघून. सरांनी विचारलं, "उपकरणं शहात्तर हजार कशाला?" मी म्हटलं, "काचेचे दोन संच." "दोन का?" मला उत्तरच देता आलं नाही. उत्तर माहीत होतं, तरी.

रात्रभर तेच डोक्यात. बाकी सगळं ठणठणीत बोलले. गुळव्या काहिलीत हायड्रॉस का टाकतो, पिवळ्याधमक ढेपेला मार्केट यार्डात भाव कसा मिळतो, तोच गूळ पुढं ठेवणीत काळा कसा पडतो. इथं कुठंच अडखळले नाही. रक्कम आली आणि उधार मागायला दारात उभी आहे असं वाटलं. माझ्यासाठी मागत नाही मी, हे कळतं. तरी आवाज खाली जातो. इतकी वर्षं या खोलीत घालवून साधा आकडा तोंडातून निघू नये, याचं फार वाईट वाटलं.

सकाळी चहा तसाच ठेवून "दोन का?" हे वहीत लिहिलं आणि उत्तर सरांना नव्हे, गुऱ्हाळातल्या दाजींना सांगतेय असं धरून मांडलं.

हायड्रॉसमुळं गुळात सल्फाइट राहतो. तो सल्फर डायऑक्साइडच्या रूपात मोनियर-विल्यम्स पद्धतीनं मोजायचा. पन्नास ग्रॅम गूळ पाण्यात आणि आम्लात उकळायचा, नायट्रोजनच्या झोतानं सुटलेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये न्यायचा, तिथं त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ते सोडियम हायड्रॉक्साइडनं मोजायचं. नुसतं उकळणंच पावणेदोन तासांचं. मांडणी, मोजणी, धुणं धरून अडीच तास. म्हणजे एका संचावर दिवसाला तीनच चाचण्या. आमची वीस गुऱ्हाळं, प्रत्येकातून दोन नमुने, प्रत्येक नमुना दोनदा. एका फेरीला ऐंशी चाचण्या. एका संचावर सत्तावीस दिवस कामाचे, सुट्ट्या धरून महिन्याच्या वर. तेवढ्यात डब्यातल्या गुळातला सल्फाइट कमी होत जातो. पहिल्या दिवसाचा नमुना आणि सत्ताविसाव्या दिवसाचा नमुना शेजारी ठेवून काय सांगणार? दोन संच असले की चौदा दिवसांत फेरी संपते.

एवढंच होतं. हे लिहिल्यावर वाक्य आपोआप सुटसुटीत झालं: "शहात्तर हजारांत दोन संच येतात, कारण एकाच संचावर काम केलं तर शेवटचा नमुना तपासेपर्यंत त्यातलं मोजायचं तेच कमी झालेलं असेल." यात विनवणी कुठं आहे? आधी कारण नव्हतं, नुसता आकडा होता, म्हणून तो मागितल्यासारखा वाटत होता. की मी स्वतःची समजूत काढतेय?

गाडीचंही तसंच केलं. दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "एष्टीनं येतीस तर ये की, पण आदण उतरायची वेळ एष्टीला कुठली ठावं? काहील वाफ्यात ओतली की तू येणार, मग काय बघणार?" हेच वाक्य घेतलं. हायड्रॉस किती आणि कधी पडला हे बघितल्याशिवाय नमुन्याला अर्थ नाही, म्हणून गाडी. दिवसाला तीन गुऱ्हाळं, फेरीला सात दिवस, हंगामात तीन फेऱ्या, एकवीस दिवसांचे बेचाळीस हजार.

हायड्रॉसची माहिती निम्मी कापली. जीव तुटला, रस साफ करायला वापरतात त्या भेंडीचा सगळा परिच्छेद गेला. पण समितीत बसलेल्यांना गूळ काळा का पडतो हे ऐकायला आवडलं तरी पैसे देताना ते दुसऱ्या संचाकडंच बघणार. "एक संच कापला तर?" असं विचारलं तर काय, तेही लिहून ठेवलं: गुऱ्हाळं दहा करू, पण नमुना दोनदा तपासणं सोडणार नाही. एकदाच मोजलेल्या आकड्यावर कुणा गुऱ्हाळवाल्याकडं बोट दाखवता येत नाही. आणि दहा पीपीएमच्या खालचा आकडा या पद्धतीनं खात्रीनं सांगताच येत नाही, हेही पहिल्या मिनिटातच सांगायचं ठरवलं. सरांना ते पटलं नाही. मला पटलंय.

संध्याकाळी आक्कासमोर पुन्हा बोलले. तीन मिनिटं बावन्न सेकंद. संचाशी आवाज उतरला नाही, गाडीशी नाही. सहाय्यकाच्या वाक्याशी मात्र उतरला. सहा महिने, महिना वीस हजार. उकळत्या काचेजवळून दिवसभर हलता येत नाही, माझे तास सुरू असतात, हे कारण स्वच्छ आहे. पण ते बोलताना, ही जागा जिच्यासाठी मनात आहे ती स्नेहल डोळ्यासमोर आली.

मंगळवारी ते वाक्य सगळ्यात आधी घेणार आहे.