दोन टाक्या, नोंद ४: वरची टाकी खाली आणली

गेल्या नोंदीत पहिली टाकी स्टुलावर होती आणि तिचं पाणी दुसरीत वरून, हवेतून पडत होतं. आता दोन्ही एकाच पातळीवर ठेवून तळाशी नळीने जोडल्या आहेत. व्हॉल्व्ह होते तसेच ठेवले. दोन्ही टाक्यांचं क्षेत्रफळ १०० चौ.सेमी आणि सुट्या टाकीचा टाइम कॉन्स्टंट ६० सेकंद.

स्टेप तीच दिली: आवक मिनिटाला ४ लिटरवरून ४.२. दुसऱ्या टाकीची पातळी आधी २० सेमी होती, ती दोन्ही वेळा साधारण २ सेमीच वाढली. पण या वाढीचा ६३ टक्के टप्पा गाठायला आधी १३० सेकंद लागले होते, आता १८५ लागले. मला वाटलं व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला. पण दुसरीच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा असता तर तिची पातळी जास्त चढली असती, आणि मधल्या व्हॉल्व्हमध्ये असता तर दोन टाक्यांतला फरक वाढला असता. स्टेपआधी तो २० सेमीच होता.

मग साठलेल्या पाण्याचा हिशोब केला आणि उलगडा झाला. स्टुलावर असताना पहिली टाकी २ सेमी चढायची, दुसरीही २, म्हणजे ४०० घनसेमी जास्तीचं पाणी. आता दुसरी चढली की पहिलीच्या वाटेत मागून दाब येतो. तेवढंच पाणी पुढे ढकलायला पहिलीला ४ सेमी चढावं लागतं. साठा झाला ६०० घनसेमी. वाढीव आवक सेकंदाला ३.३३ घनसेमी. भागाकार केला की आधीचे १२० आणि आताचे १८० सेकंद मिळतात, आणि हीच दोन टाइम कॉन्स्टंटची बेरीज!

समीकरणातही हेच दिसतं. R म्हणजे व्हॉल्व्हचा अडथळा.

```
τ1·τ2·s² + (τ1 + τ2 + A1·R2)·s + 1
```

सुट्या मांडणीत `A1·R2` नसतो. गुणाकार तोच राहून बेरीज वाढली की दोन आकडे एकमेकांपासून फाकतात: ६० आणि ६० चे १५७ आणि २३ होतात. म्हणून सुरुवातीला फरक फारसा जाणवत नाही. पहिल्या मिनिटाअखेर सुट्या मांडणीत २६ टक्के, जोडलेल्या मांडणीत २१. खरी रेंगाळ शेवटी येते: पाच मिनिटांनी ९६ विरुद्ध ८३. उरलेल्या फरकाचा लॉग घेऊन आलेख काढला, तर शेवटची सरळ रेषा १६० सेकंदांच्या आसपासचा उतार देते. लेव्हल कंट्रोलर लावताना दोन्ही टाक्यांचे ६०-६० धरले असते तर ही संथ शेपटी हिशोबात आलीच नसती.

एक मर्यादा: व्हॉल्व्हचा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे हे आकडे छोट्या स्टेपपुरतेच.

पुढच्या खेपेला पहिल्या टाकीत काचेचे ठोकळे ठेवून क्षेत्रफळ निम्मं करणार. तेव्हा बेरीज पुन्हा १२० यायला हवी, पण १०२ आणि १८ अशी फाकलेली.