आमची वाटचाल: एका कपाला अकरा पावलं

आमच्या कॉफीच्या दुकानाशेजारच्या गल्लीत तीन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी तीन तोंडांतून कॉफी काढणारं मशीन आणि दोन बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारी माणसं घेऊन दुसरं दुकान उघडलं आणि आमची सकाळची रांग तिकडे वळली. ‘यांची कॉफी चांगली, पण हातात पडेस्तोवर ऑफिसची वेळ होते,’ असं लोक बोलायचे. ते अजून बोचतं. आमचा बरिस्ता कामचुकार नव्हता. दुसरा पगार परवडत नव्हता आणि गल्ल्यात तर दुकान बंद करायचीच लक्षणं होती.

रोज सव्वाआठला कापुचिनो घेणारे एक काका उभी हयात कारखान्यात काढलेले. एकदा उभ्या-उभ्या त्यांनी पावलं मोजली. "अकरा पावलं एका कपाला! मशीन बरं आहे रे, माणूस फिरतोय."

फ्रिज पाठीमागे होता, ग्रायंडर दूध तापवायच्या वाफेच्या नळीच्या, म्हणजे स्टीम वँडच्या बाजूला, कप वरच्या फळीवर. सगळं उपसून डावीकडून उजवीकडे लावलं. आधी ऑर्डर, मग ग्रायंडर, त्याच्या पायाशी वापरलेली पावडर झटकायचा नॉकबॉक्स, पावडर दाबून बसवायची टॅम्पिंग मॅट, दोन ग्रुपचं मशीन, उजव्या वँडच्या बरोबर खाली दुधाचा फ्रिज, शेजारी दूध तापवायचे पिचर धुवायचा नळ आणि टोकाला कप द्यायची जागा. कप मशीनच्या डोक्यावर, म्हणजे गरमही राहतात. पैशांचा क्यूआर गिऱ्हाइकाच्या बाजूला. साउंडबॉक्स बोलतो, त्यामुळे मान वर करावी लागत नाही.

खरी कमाई मात्र दोन कामं एकावर एक बसवण्यात आहे. आमचा शॉट, म्हणजे मशीनमधून उतरणारी कडक कॉफी, 18 ग्रॅम पावडरीचा, 36 ग्रॅम कॉफी उतरायला साधारण 28 सेकंद घेतो. लाटेचं दूध तापायला वीस-पंचवीस. म्हणून आधी शॉटचं बटण, मग लगेच वँड. दोन्ही जवळपास एकदमच संपतात. उलट क्रमाने केलं तर शॉटची वाट बघत दूध पडून राहतं आणि फेस वर, पातळ दूध खाली असं फुटतं. पावडर भरून मशीनला लावायचा दांड्याचा पोर्टाफिल्टर, त्यातला दुसरा मोकळाच असतो. ओतून झालं की तो झटकून, पुसून, भरून तयार.

गर्दीत मोठ्या पिचरमध्ये तीन कपांचं दूध एकदम तापवायचा मोह टाळा. पहिल्या कपात सगळा फेस जातो, तिसऱ्यात नुसतं गरम दूध. दोन कपांचं तापवायचं तर अर्धं लगेच दुसऱ्या पिचरमध्ये ओता. पावडर आधीच दळून ठेवू नका, वास उडतो. आणि सलग दळून ग्रायंडर तापला की शॉटची वेळ सरकते. 28 चे 23 झाले तर दळण एक खूण बारीक करा, टॅम्प जोरात दाबून काही होत नाही.

पुढची वर्षं बरी गेली. काकांची मोजणी आता तीनवर आलीय. थंड कॉफीची ऑर्डर आली की मात्र पाच, कारण बर्फाचा डबा अजून पलीकडेच आहे आणि त्याला या बाजूला जागाच नाही.