एकच लेख, दोन आडनावं

प्रबंधाचं भाषासंपादन मी आधीच पूर्ण केलं होतं. उरली होती ती फक्त संदर्भसूची. एकूण 164 नोंदी. संशोधक बाईंनी सोबत लिहिलं होतं, "सगळं एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे करून द्या, बाकी त्यात काही नाही." एपीए म्हणजे संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली शैली. मीही मनात दीड दिवस धरला होता.

फाइल उघडली आणि सूची कशी तयार झाली असेल ते लगेच दिसलं. पहिल्या साठेक नोंदी व्हँकुव्हर पद्धतीच्या होत्या. बाईंच्या जुन्या छापील लेखातून त्या जशाच्या तशा उचललेल्या. मधल्या बऱ्याच एमएलएच्या, शोधयंत्राच्या तयार चौकटीतून चिकटवलेल्या. उरलेल्या हाताने लिहिलेल्या, ज्यांना कुठलीच शैली म्हणता येणार नाही. एकाच पानावर कुठे लेखकाचं पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे साल कंसात तर कुठे शेवटी.

बाहेरून हे काम स्वल्पविराम आणि टिंबं हलवण्याचं वाटतं. खरी अडचण वेगळी असते. काही शैलींमध्ये माहितीच गाळलेली असते, आणि गाळलेली माहिती चिन्हं हलवून परत येत नाही. डीएनएच्या रचनेवरचा 1953 मधला प्रसिद्ध लेख घेऊ. व्हँकुव्हरमध्ये तो असा लिहितात:

```
Watson JD, Crick FHC. Molecular structure of nucleic acids: a structure for deoxyribose nucleic acid. Nature. 1953;171(4356):737-8.
```

एपीएमध्ये असा:

```
Watson, J. D., & Crick, F. H. C. (1953). Molecular structure of nucleic acids: A structure for deoxyribose nucleic acid. Nature, 171(4356), 737–738. https://doi.org/10.1038/171737a0
```

नियतकालिकाचं नाव आणि खंडाचा आकडा तिरप्या टाइपात, अंकाचा आकडा मात्र सरळ. अपूर्णविरामानंतरचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू. 737-8 चं 737–738 झालं, ते विचार न करता करता येतं. पण व्हँकुव्हरमध्ये साधारणपणे सहा लेखकांनंतर "व इतर" येतं, आणि एपीएच्या सातव्या आवृत्तीला सूचीत वीस लेखकांपर्यंत सगळे हवे असतात. एमएलए तर तीन लेखक झाले की पहिल्यावरच थांबते. म्हणजे उरलेली नावं मूळ लेखातूनच आणायची. नियतकालिकांची संक्षिप्त नावंही अशीच एकेक उलगडावी लागतात. दीड दिवसाचा हिशेब इथेच कोसळला.

म्हणून मी नोंदी दुरुस्त करणं थांबवलं आणि आधी एक तक्ता केला. प्रत्येक नोंदीची एक ओळ. लेखक, साल, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पानं आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, ज्याचा दुवाही होतो, यांचे वेगवेगळे रकाने. तक्ता भरला की कुठला रकाना रिकामा आहे ते नजरेला टोचतं. शिवाय शैली शेवटी एकदाच लावायची असते. जुनी नोंद डागडुजी करून नवी करायला गेलं की जुन्या शैलीचा एखादा स्वल्पविराम हमखास मागे राहतो.

एक चूक मात्र मी तरीही केली. पानांच्या आकड्यांमधली छोटी रेघ बदलून लांब रेघ करायला शोधा-बदला चालवलं:

```
शोधा: ([0-9])-([0-9])
बदला: \1–\2
```

पानं सुरेख झाली. मग सहज एका पुस्तकातल्या प्रकरणाचा दुवा उघडून बघितला, तर पानच सापडेना. पुस्तकांच्या डीओआयमध्ये बरेचदा आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक असतो, त्यातही आकड्यांमध्ये रेघा असतात, आणि माझ्या हुशारीने त्यांतल्या बऱ्याच लांब झाल्या होत्या. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, दुवा मात्र मेलेला. सगळं मागे घेतलं आणि बदल फक्त पानांच्या रकान्यात केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्ता डीओआयच्या क्रमाने लावला. हे मी नेहमी करते, कारण एकच लेख दोनदा आलेला असेल तर तिथे तो शेजारी-शेजारी येतो. तीन जोड्या निघाल्या. दोन साध्या होत्या. तिसरीकडे मी बराच वेळ बघत बसले.

एका ओळीत पहिल्या लेखकाचं आडनाव एक, दुसरीत भलतंच. साल एकीकडे 2017, दुसरीकडे 2018. डीओआय अक्षर न अक्षर सारखा. आधी वाटलं, बाईंनी चुकून एकाचा डीओआय दुसऱ्याला चिकटवला असावा. मग शीर्षकं बघितली, तीही एकच होती. फक्त एकात प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होत होता, दुसऱ्यात नाही. लेख उघडल्यावर उलगडा झाला. पहिले लेखक चिनी होते आणि नाव छापताना आडनाव आधी लिहिलेलं होतं. एका नोंदीत आडनावालाच आडनाव धरलं होतं, दुसरीत त्यांच्या पाळण्यातल्या नावाला. खरं कोणतं, ते लेखाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावरच्या बारीक ओळीत सापडलं, तिथे फक्त आडनाव देतात. आणि सालाचं म्हणाल तर लेख आधी 2017 मध्ये ऑनलाइन आला आणि अंकात 2018 मध्ये लागला. अंक निघाल्यावर एपीएत अंकाचंच साल धरायचं.

हे इथेच मिटलं असतं. मजकुरातलं दुसरं नाव काढायला म्हणून प्रबंधात शोधलं, तर दोन्ही नावं एकाच कंसात भेटली. आधीचं वाक्य होतं, "हाच परिणाम दोन स्वतंत्र अभ्यासांत आढळला आहे."

पुढच्या पानावर तक्ता होता. झोप आणि स्मरणशक्ती यांवरचे नऊ अभ्यास, नऊ ओळी. त्यातल्या दोन ओळींत सहभागी व्यक्तींची संख्या सारखी, वयोगट सारखा. आता बघितल्यावर इतकं उघड वाटलं की आधी मलाही दिसलं नाही याचीच लाज वाटली. भाषासंपादन करताना मी ते पान दोनदा वाचलं होतं.

दुरुस्ती माझ्या हातातली नव्हती. सूचीतली नोंद मी काढू शकते, "दोन स्वतंत्र अभ्यास" हे विधान मी बदलायचं नसतं. फोन केला.

"अहो, पण एक मी जुन्या लेखासाठी वाचला होता, दुसरा गेल्या वर्षी," त्या म्हणाल्या. मी डीओआय वाचून दाखवला. थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "म्हणजे मी एकच लेख चार वर्षांच्या अंतराने दोनदा वाचला?"

"आणि दोन्ही वेळा पटला," मी म्हटलं. त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "तक्त्याखालची सरासरी परत काढावी लागणार. प्रकरण माझ्याकडे पाठवा."

डीओआयवरही फार विसंबता येत नाही. छापण्याआधी संग्रहात टाकलेल्या मसुद्याचा डीओआय वेगळा असतो, आणि बऱ्याच जुन्या लेखांना तो नसतोच. म्हणून त्या संध्याकाळी तक्ता आणखी दोनदा लावला. एकदा खंड आणि पहिलं पान या क्रमाने, कारण शैली कुठलीही असो, हे दोन आकडे बदलत नाहीत. एकदा शीर्षकाच्या क्रमाने, सगळी अक्षरं लहान करून. आणखी एक जोडी निघाली, मसुदा आणि छापील लेखाची. त्या दोन्ही नोंदी प्रबंधात एकत्र कुठे आल्या नव्हत्या, त्यामुळे तिथे नुसती एक काढून भागलं.

चार दिवसांनी प्रकरण परत आलं. तक्त्यात आठ ओळी होत्या, आणि "दोन स्वतंत्र अभ्यासांत" च्या जागी "एका अभ्यासात". माझं मात्र संपलं नव्हतं. त्या लेखाचं साल 2018 ठरल्यावर कळलं की त्याच लेखकगटाचा 2018 चा आणखी एक लेख सूचीत आहे. दोघांना शीर्षकाच्या वर्णक्रमाने 2018a आणि 2018b लावले, आणि मजकुरातल्या अकरा जागा एकेक करून बघितल्या. बदला-सगळे हे बटण त्या दिवशी मी वापरलं नाही.