कन्येचा शुक्र आणि सतरा स्थळं

धरमपेठेतल्या कार्यालयात मायलेकी सकाळी अकराला आल्या. खुर्चीत बसता बसताच आई म्हणाली, "गुरुजी, सतरा स्थळं झाली. प्रत्येकात खोट काढून राहिली ही. पत्रिकेत शुक्र नीच आहे म्हणून सांगितलं कोणीतरी. हिरा घालायचा का?" मुलगी मिहानमध्ये नोकरीला, जन्म नागपूरचाच, ऑक्टोबर १९९३, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराचा. तिने शांतपणे मोबाइल पुढे केला. त्यातल्या ॲपमध्ये तिचा शुक्र तूळ राशीत होता, म्हणजे स्वगृही. "मग नीच कसा?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता.

ते ॲप सायन, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या पद्धतीचं होतं. त्यात शुक्र तुळेच्या दुसऱ्या अंशात दिसत होता. आपल्या निरयन पद्धतीत राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजतात, म्हणून त्यातून अयनांश, म्हणजे दोन्ही आरंभबिंदूंमधलं अंतर, वजा करावे लागतात. १९९३ साली चित्रापक्ष अयनांश २३ अंश ४६ कलांच्या आसपास होते. ते वजा केले की शुक्र येतो कन्येच्या ८ अंशांवर. अशी गल्लत हल्ली आठवड्यातून एकदा तरी समोर येते. उलटही होतं : इंग्रजी ॲपमध्ये 'शुक्र कन्येत' वाचून घाबरलेल्या बऱ्याच जणांचा शुक्र निरयन पद्धतीत सिंहेतच असतो. कन्येतला शुक्र वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच येतो हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. शुक्र रवीपासून साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे हा योग जुलैअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या जन्मातच सापडतो. मे महिन्याचा जन्म आणि कन्येचा शुक्र असं कोणी सांगितलं, तर गणित चुकलंय.

म्हणजे शुक्र नीच राशीत आहे हे खरं. शुक्राचा स्वभाव रमण्याचा, दाद देण्याचा. कन्या ही बुधाची रास, तिचा स्वभाव मोजण्याचा, निवडण्याचा, खडे वेचून काढण्याचा. तांदूळ निवडणाऱ्या माणसासमोर गाणं लावलं तरी नजर सुपावरच राहते, तसा हा शुक्र जोडीदाराकडे पाहतो. समोरच्या मीन राशीत तोच शुक्र मोजमाप सोडून देतो, म्हणून तिथे तो उच्चीचा.

पण रास बघून थांबलं की इथेच चूक होते. शुक्राचा परम नीचांश, म्हणजे तो सर्वांत दुबळा होतो तो अंश, २७. हिचा शुक्र त्यापासून १९ अंश अलीकडे आहे. शिवाय प्रत्येक राशीचे नऊ समान भाग करतात, ते नवमांश. कन्या राशीत त्यांची मोजणी मकरेपासून सुरू होते आणि प्रत्येक नवमांश ३ अंश २० कलांचा. ६ अंश ४० कलांपासून १० अंशांपर्यंत तिसरा नवमांश येतो, तो मीनेचा. म्हणजे जन्मकुंडलीत नीच असलेला शुक्र नवमांशात उच्च राशीत. आईने विचारलं, "वेळ थोडी इकडेतिकडे असली तर?" पत्रिकेतल्या लग्नाचा, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचा, नवमांश साधारण दहा-बारा मिनिटांत बदलतो, त्यामुळे 'सव्वासहाच्या सुमारास' एवढ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. शुक्राचं तसं नाही. तो दिवसाला सव्वा अंशाच्या आसपास चालतो, एक नवमांश ओलांडायला त्याला पावणेतीन दिवस लागतात. दहा मिनिटं चुकली तरी मीन नवमांश हलत नाही.

लग्न मेष आलं. मेषेला शुक्र सप्तमेश, म्हणजे जोडीदाराच्या स्थानाचा स्वामी, आणि तो बसलाय षष्ठात, कन्येत. षष्ठेश बुध बसलाय सप्तमात, तुळेत. दोघांनी एकमेकांच्या घरात बिऱ्हाड केलंय, हा परिवर्तन योग. शुक्र ज्या राशीत नीच झाला तिचा स्वामी बुध लग्नापासून सातव्या, म्हणजे केंद्रस्थानात आहे, म्हणून नीचभंगही होतो. मात्र नीचभंग म्हणजे दोष पुसला गेला असं काही ज्योतिषी सांगतात, ते मला पटत नाही. चिकित्सा राहतेच, तिच्यातून नुकसान व्हायचं ते कमी होतं. त्यात सहावं-सातवं यांची अदलाबदल असल्यामुळे तपासणी थेट लग्नाच्या बैठकीत येऊन बसते.

ती कशी बसते हे तिच्याच मोबाइलमध्ये होतं. प्रत्येक स्थळाची तिने नोंद ठेवली होती, तारखेसकट. 'चहाचा कप बशीच्या कडेला ठेवतो, मध्ये नाही.' 'शर्टाची इस्त्री फक्त पुढून.' 'वाक्य अर्धं सोडतो.' 'मेसेजमध्ये पूर्णविराम नाही.' मी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले : वीस मिनिटांच्या भेटीत दिसणाऱ्या सवयी, स्वभाव, आणि पगार-गाव-घर यांचा हिशेब. सतराच्या सतरा कारणं तिनेच वाटून लिहिली. सवयींत बारा गेली, हिशेबात दोन, स्वभावात तीन. त्या तिघांतला एक मुलगा बैठकीत स्वतःच्या आईला दोनदा 'तू गप्प बस' म्हणाला होता. दुसऱ्याने नोकरीबद्दल दोन भेटींत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिसऱ्याने वेटरच्या अंगावर ग्लास ढकलला होता.

आईचं म्हणणं, हे सगळंच शुक्रामुळे. मी तिथे ठाम नाही म्हणालो. बारा नकार शुक्राचे धरा, ते तीन नाही. ते बुधाचे आहेत, केंद्रातल्या बुधाने नीट काम केलं म्हणून ते वेळेवर दिसले. नीच शुक्राचं निदान करताना सगळ्यात घातक चूक हीच होते, की मुलीचा प्रत्येक नकार ग्रहाच्या माथी मारला जातो आणि नको त्या घरात तिला ढकललं जातं.

हिऱ्याचा विचार मी सोडायला सांगितला. मेष लग्नाला शुक्र द्वितीय आणि सप्तम, दोन्ही मारकस्थानांचा स्वामी, त्यात षष्ठात. त्याचं रत्न मी अशा पत्रिकेला देत नाही. दुसरं सुचवलं : पहिल्या भेटीनंतर नोंद लिहायची नाही, दुसरी भेट झाल्यावरच लिहायची. ती भेट टेबलासमोर नको, फुटाळ्याच्या काठाने चालत होऊ द्या. समोरासमोर बसलं की कन्येचा शुक्र तपासायला लागतो. शेजारून चालताना बोलणं ऐकू येतं. आणि नोंद फक्त स्वभावाच्या रकान्यात. नवमांशात शुक्र मीनेचा असल्यामुळे एकदा माणूस स्वीकारला की ही मुलगी त्याच्या बशीकडे बघत बसणार नाही, असं मी पत्रिकेवरून सांगितलं. अडचण उंबरठ्यावर आहे, घरात नाही.

उठता उठता मुलीने विचारलं, "आणि माझा शुक्र सत्तावीस अंशांवर असता तर?"

त्यासाठी तिचा जन्म साधारण पंधरा दिवसांनी व्हायला हवा होता. २६ अंश ४० कलांनंतर कन्येचा शेवटचा नवमांश लागतो आणि तो कन्येचाच. शुक्र वर्गोत्तम होतो, पण नीचेतच वर्गोत्तम : जन्मकुंडलीत कन्या, नवमांशातही कन्या. तिथे लग्न ठरल्यावरही मोजणी थांबत नाही, ताटातल्या पोळीच्या आकारापर्यंत ती चालते. अशा पत्रिकेत मी दोन भेटींवर भागवलं नसतं. साखरपुडा आणि लग्न यांत सहा महिने मागितले असते, आणि होणाऱ्या नवऱ्याच्या पत्रिकेत टीका सोसणारा चंद्र आहे का ते आधी पाहिलं असतं.