घर दाखवताय की स्थळ बघताय?

२०११ साली पुण्यात कर्वेनगरात एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून मी भाड्याच्या घरांचा धंदा सुरू केला. पहिली दोन वर्षं फोन भरपूर यायचे आणि पेट्रोल त्याहून जास्त जळायचं. दहा जणांना घर दाखवावं, तेव्हा एखादा व्यवहार व्हायचा.

यावर उपाय म्हणून मी फोनवरच चौकशी करायला लागलो. बजेट किती, नोकरी कुठे, फॅमिली की बॅचलर, किती माणसं, लग्न झालंय का? एका बाईंनी मला मध्येच थांबवलं. "अहो, तुम्ही घर दाखवताय की स्थळ बघताय?" त्यांनी फोन ठेवला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." त्यानंतर फोन तिच्याकडे गेला आणि आज आमच्याकडे फोनवर जे बोललं जातं, ते बहुतेक तिनेच बसवलेलं आहे.

तिचा पहिला नियम असा की समोरच्याने जे विचारलंय त्याचं उत्तर आधी द्यायचं. तो फ्लॅट आहे की गेला, भाडं किती, मेंटेनन्स त्यात धरलाय की वेगळा, डिपॉझिट किती. मग म्हणायचं, "दोन मिनिटं असतील तर तीन गोष्टी विचारते, म्हणजे उगाच चक्कर पडणार नाही." कारण कळलं की माणूस सहसा नाही म्हणत नाही.

"बजेट किती?" हा प्रश्न आम्ही सोडूनच दिला. कारण त्याला लोक भाव पाडून उत्तर देतात. त्याऐवजी आम्ही आधी आपले आकडे ठेवतो. "या भागात टू बीएचके लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये बावीस-तेवीसला मिळतो, लिफ्ट-पार्किंगवाला अठ्ठावीसच्या पुढे. तुम्हाला कुठलं बरं पडेल?" लोक आकड्याऐवजी बाजू सांगतात आणि आपल्याला हवं ते कळतं.

तारखेचं तर मला फार उशिरा उमगलं. "कधीपासून हवंय?" म्हटलं की सगळे "लगेच" म्हणतात. खरा प्रश्न आहे, "सध्याच्या घरमालकांना नोटीस दिलीत का?" बहुतेक करारांत महिन्याची नोटीस असते. ती दिली नसेल तर "लगेच" म्हणजे निदान पाच आठवडे, आणि रिकामा फ्लॅट इतके दिवस कुठलाही मालक धरून ठेवत नाही. नोटीस दिलेल्याला आम्ही त्याच आठवड्यात घरं दाखवतो, बाकीच्यांची नावं तारखेसकट वहीत.

माणसांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. तो आम्ही घराच्या अंगाने विचारतो: "घरात कुणी वयस्कर किंवा लहान मूल आहे का? म्हणजे लिफ्ट बघायची. गाड्या किती?" एवढ्यावर माणसं आपणहून सगळं सांगतात. कुणी नाही सांगितलं तर तिथेच सोडायचं. करार नोंदवताना आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देताना नावं येणारच आहेत, पहिल्याच फोनवर ती उकरायची गरज नाही.

गेल्या वर्षीचा एक फोन सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, तेवीस हजारांचा फ्लॅट एका बाईंना बघायचा होता. बायकोने नेहमीचे प्रश्न विचारले. "आम्ही तिघं," असं म्हणून त्या थांबल्या. लिफ्टचा विषय निघाल्यावर म्हणाल्या, "सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्या नंतर आमच्याकडेच राहतील." म्हणजे माणसं चार आणि तो फ्लॅट बाद. नोटीस मात्र दिलेली होती, महिनाअखेर घर सोडायचं होतं. सत्तावीसला पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट होता. "चार हजार जास्त आहेत, पण जिना एकच. बघायचा?" त्यांनी नवऱ्याला विचारून संध्याकाळी होकार कळवला. एकाच चकरेत काम झालं.

मालकांच्या अटी हा एक वेगळाच ताप. मांसाहार नको, बॅचलर नको, आणि काही तर तोंडावर आणवत नाहीत अशा. त्या आम्ही प्रश्न म्हणून विचारत नाही. "या मालकांनी मांसाहार नको असं सांगितलंय, तुम्हाला चालत नसेल तर दुसरा बघू," एवढं सांगून मोकळे होतो. समोरच्याला आपण काय खातो हे मला सांगावं लागत नाही. मालकाची अट त्याने बदलत नाही, हेही खरं. आडनावावरून नकार देणारे दोन मालक मी सोडले, बाकीच्यांशी अजून वाद चालू असतात.

आता फोनवर एक नवीन मुलगी बसते. परवा ती विचारत होती, "सर, 'किती जण राहणार' असं सरळ का नाही विचारायचं?" मी तिला बायकोकडे पाठवलं.