एक लॅपटॉप, एक खातं आणि माझी 'डुप्लिकेट' बायको

फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवर माझं आणि बायकोचं वेगवेगळं अकाउंट आहे. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला हिने आपल्या प्रोफाइलला बँकेचं खातं जोडलं. नऊ वाजायच्या आत दोघांनाही मेल आले. हिचं अकाउंट 'आधीच असलेल्या अकाउंटची दुसरी प्रत' म्हणून बंद, आणि माझं होल्डवर. माझे 412 डॉलर आत अडकले. चालू क्लायंटशी बोलता येत होतं, पण नवीन कामाला बिड टाकता येत नव्हती आणि पैसेही काढता येत नव्हते.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नऊ वर्षं ड्रॉइंगचं काम केलं. आता घरी बसून कास्टिंगच्या जुन्या कागदी ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल करून देतो. बायको मराठी व्हिडिओंची इंग्रजी सबटायटल करते. कामाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण लॅपटॉप एकच, राजारामपुरीतलं घर एकच, आणि बँकेत दोघांचं जॉइंट खातं, ज्यात पहिलं नाव माझं. तिचं अकाउंटही मीच माझ्याच ब्राउझरमधून, माझं लॉग-आउट करून उघडून दिलं होतं. त्या वेळी यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

नक्की कशावरून पकडलं हे वेबसाइटची कंपनी सांगत नाही. विचारलं तर 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच उत्तर येतं. पण तारखा लावून बघितल्या तेव्हा मला उलगडा झाला. एकोणीस दिवस ती याच लॅपटॉपवर, याच वायफायवर काम करत होती, दोन छोटी कामं पूर्णही केली होती, आणि कुणी काही म्हटलं नव्हतं. बँक खातं जोडलं आणि दोन तासांत गाडी थांबली. वायफायचा आयपी शेजारच्या चार घरांचाही एकच असू शकतो, लॅपटॉप सायबर कॅफेतला असू शकतो. पण दोन अकाउंटचे पैसे एकाच खात्यात जायला लागले की मशीनला तो एकच माणूस वाटतो. लॅपटॉप आणि पत्ता हे नुसते संशय वाढवणारे, खातं मात्र थेट पुरावाच.

मित्राचा सल्ला लगेच आला. "भावा, त्यात काय एवढं! मोबाईलच्या नेटवरून तिचं दुसरं अकाउंट काढ, पत्ता माहेरचा दे." मी जवळजवळ केलंही असतं. हिनेच अडवलं. "अहो, आत्ता निदान आपण खरं बोलतोय. दुसरं काढलं की खरंच डुप्लिकेट होईल." तिचं बरोबर होतं. एकदा बंद झालेल्या माणसाने नवीन अकाउंट काढलं की अपील ऐकून घ्यायला जागाच उरत नाही.

चूक मी दुसरीकडे केली. दोघांच्या वतीने मीच, माझ्या अकाउंटवरून, भलंमोठं पत्र लिहिलं: माझी बायको, तिचं काम, आमचं खातं, सगळं. दोन दिवसांनी ठरावीक उत्तर आलं की निर्णय कायम आहे. त्यांच्या बाजूने वाचून बघितलं तर त्यांचंही चूक नव्हतं. तिच्या अकाउंटबद्दल मी बोलतोय म्हणजे तेही मीच चालवतोय, असाच अर्थ निघत होता.

मग तिने तिच्या नोंदवलेल्या ईमेलवरून स्वतः लिहिलं. सहाच वाक्यं. मी अमुक, माझा नवरा अमुक, त्याचंही इथे अकाउंट आहे. आम्ही एका घरात राहतो आणि एक लॅपटॉप वापरतो. खातं जॉइंट आहे, ते मी बदलतेय. माझं काम सबटायटलचं, त्याचं मेकॅनिकल ड्रॉइंगचं. आम्ही कधी एका कामाला बिड टाकलेली नाही, एकमेकांना काम दिलेलं नाही. ओळख पटवायला मी तयार आहे. त्याच दिवशी मी माझ्या अकाउंटवरून फक्त माझ्यापुरतं लिहिलं आणि तिच्या तक्रारीचा क्रमांक दिला.

चौथ्या दिवशी दोघांकडेही ओळखपत्र मागितलं, आणि तिथे खरा गुंता निघाला. प्रोफाइलवर हिचं नाव आणि आडनाव. आधारवर मधे माझं नाव. पॅन मात्र अजून माहेरच्या आडनावाचं, लग्नाला सात वर्षं झाली तरी. तीन कागद आणि तीन बायका! शेवटी 2018 साली काढलेला पासपोर्ट कामाला आला. त्याच्या शेवटच्या पानावर पती म्हणून माझं नाव आणि घरचा पत्ता छापलेला होता. माझ्या पासपोर्टवर पती-पत्नीच्या रकान्यात तिचं नाव. दोन माणसं वेगळी आहेत आणि एका घरात का राहतात, दोन्ही उत्तरं त्या दोन पानांवर मिळाली. मित्राचं ऐकून माहेरचा पत्ता दिला असता तर नेमकं इथेच फसलो असतो.

नंतर तिचा व्हिडिओ कॉल झाला. मी खोलीत थांबलो नाही, तसं मेलमध्येच बजावलं होतं. पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरायला लावला, मग आधी केलेल्या दोन कामांबद्दल विचारलं: क्लायंटने कुठल्या दुरुस्त्या सांगितल्या, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये दिली. ती म्हणाली एसआरटी, आणि एका ओळीत किती अक्षरं ठेवते तेही सांगून टाकलं. कॉल सात-आठ मिनिटांत संपला. मला विचारलं असतं तर एसआरटी म्हणजे काय हेच सांगता आलं नसतं.

अकाउंट परत चालू झालं, पण एक अट होती: पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यातच काढायचे. जॉइंट खातं चाललं नाही. हिच्या एकटीच्या नावाने खातं उघडायला गेलो तर बँकेतल्या मॅडमनी पॅन बघून परत पाठवलं. जॉइंट खातं उघडताना कुणी एवढं बघितलं नव्हतं. मग पॅन दुरुस्तीचा अर्ज, त्या वेळी 107 रुपये फी, लग्नाचा दाखला जोडून. नवीन कार्ड हातात यायला सोळा दिवस लागले. सगळ्यात जास्त वेळ कंपनीत नाही, इथेच गेला. आमच्या सीएंचं म्हणणं, खातं वेगळं करायलाच पाहिजे होतं. पहिलं नाव माझं असल्यामुळे तिच्या कमाईचा हिशेब उद्या मलाच देत बसायला लागला असता.

लॅपटॉप अजून एकच आहे. त्यावर दोन वेगळे विंडोज युजर केलेत, वेगळे पासवर्ड. त्यामुळे सेव्ह केलेलं लॉग-इन आणि कुकी मिसळत नाहीत. पण यंत्र तेच आहे हे लपत नाही, आणि लपवायचंही नाही. म्हणून दोघांच्याही अकाउंटवर तशी नोंद करून घेतली. उत्तरात त्यांनी स्पष्ट लिहिलं: एकमेकांच्या अकाउंटवरून मेसेजसुद्धा पाठवायचा नाही. ही आजारी असताना क्लायंटला "उद्या देते" एवढं कळवायचं असलं, तरी फोन तिच्याच हातात द्यायचा.

माझा होल्ड तिच्या आधी, अकराव्या दिवशी उठला. तिला पहिले पैसे काढायला एकूण सव्वा महिना लागला. नवीन बँक खातं जोडल्यावर परत तीन दिवस थांबायला लावलं ते धरून. मधल्या काळात पुण्याच्या एका क्लायंटचं दहा भागांचं काम दुसरीकडे गेलं. त्याने नंतर विचारलं, "मॅडम, तुम्ही एकदम गायब कशा झालात?" हिने काय झालं ते सगळं लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.